हळदीची कॅप्सूल, अश्वगंधा आणि रोजच्या तीन गोळ्या: घरी सुरू करण्याआधी काय तपासायचं

सोलापुरात औषधाच्या दुकानात गेली सव्वीस वर्षं मी काउंटरमागे बसतो. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडून डॉक्टरांना दाखवायला आलेली माणसं परतीची एसटी पकडण्याआधी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतात. चिठ्ठीवर रक्त पातळ करायची गोळी असते, थायरॉइडची असते, शुगरची असते. पिशवीत मात्र चिठ्ठीवर नसलेलं आणखी काहीतरी असतं. कुणाकडे गुडघ्यासाठी हळदीच्या कॅप्सूलचा डबा, कुणाकडे झोपेसाठी अश्वगंधाचं चूर्ण, कुणाकडे जांभळाच्या बियांची पूड. "हे औषध नाही हो, घरगुतीच आहे," असं म्हणून ते चिठ्ठीपासून वेगळं ठेवलेलं असतं. हा लेख त्या वेगळ्या ठेवलेल्या डब्याबद्दल आहे. ज्यांच्या घरात या तीनपैकी एखादी गोळी नुकतीच सुरू झाली आहे, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे.

आधी एका मावशींची हकीकत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच समजेल. वय एकसष्ट. हृदयाची डावीकडची झडप बदललेली, धातूची. त्यासाठी रोज रात्री वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी. त्यांचा आयएनआर २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवायचा असं डॉक्टरांनी सांगितलेलं आणि चार महिने तो २.८ च्या आसपास टिकून होता. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा आकडा. गोळी न घेणाऱ्या माणसाचा तो साधारण १ असतो. शिवाय सकाळी थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी आणि नाश्त्याबरोबर शुगरची मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी. गुडघे दुखतात म्हणून मुलाने हळदीच्या कॅप्सूल आणल्या, दिवसाला दोन. त्याच आठवड्यात शेजारच्या आक्कांनी अश्वगंधाचं चूर्ण दिलं, झोपताना दुधातून एक चमचा. दोन्ही एकाच सोमवारी सुरू झालं.

पहिली पायरी: डब्याची मागची बाजू वाचा

घरातलं सगळं एका वर्तमानपत्रावर मांडा. गोळ्या, चूर्णं, काढे, रस, रात्री घ्यायचं इसबगोलसुद्धा. मग प्रत्येक डब्याची मागची बाजू वाचा. पुढच्या बाजूला पिवळंधमक हळकुंड असतं, पण खरी माहिती मागच्या बारीक अक्षरांत असते.

हळदीच्या डब्यावर दोन गोष्टी शोधायच्या: कर्क्युमिन या हळदीतल्या मुख्य घटकाचं प्रमाण, आणि काळ्या मिरीचा अर्क म्हणजे पायपरीन आहे का ते. मावशींच्या डब्यावर एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिन आणि वर ५ मिलिग्रॅम पायपरीन असं लिहिलं होतं.

"आपण रोज हळद खातोच की," हे वाक्य मी रोज ऐकतो, म्हणून हिशोबच मांडतो. घरच्या हळद पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. चार माणसांच्या भाजीत अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद पडली, तर त्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम कर्क्युमिन आलं. एका ताटात गेलं ११. दिवसभरात भाजी, आमटी, आणखी एखादा पदार्थ धरला तरी तीस-पस्तीस. मावशींच्या दोन कॅप्सूलमध्ये ९५० मिलिग्रॅम होतं, म्हणजे स्वयंपाकातल्या दिवसभराच्या हळदीच्या जवळजवळ तीस पट. त्यावर पायपरीन. नुसतं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं जात नाही, बहुतेक वाया जातं. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं की माणसाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण कितीतरी पटीने वाढतं. कंपन्या मिरीचा अर्क घालतात तो याचसाठी. पण यकृताची जी कामं पायपरीन मंदावतं, त्यांतली काही आपल्या गोळ्यांचाही निचरा करणारी असतात.

म्हणून स्वयंपाकातली हळद कुणीही बंद करायची नाही. प्रश्न अर्काचा आहे. हळदीचं दूध या दोन्हींच्या मधे येतं. सर्दीत दोन दिवस चिमूटभर हळद घातली तर काही बिघडत नाही. पण रोज चमचाभर हळद आणि वर मिरपूड असा नेम धरला असेल, तर तो डॉक्टरांना सांगण्याजोगा आहे.

अश्वगंधाच्या बाबतीत चूर्ण की अर्क, ते बघायचं. चूर्ण हे नुसतं दळलेलं मूळ, त्याची परंपरेतली मात्रा ३ ते ६ ग्रॅम. अर्काच्या कॅप्सूलवर विथानोलाइड या मुळातल्या घटकाचे टक्के लिहिलेले असतात आणि ३०० मिलिग्रॅमची ती कॅप्सूल लहान दिसली तरी तिच्यात मुळातला अंश एकवटलेला असतो. डबा लहान म्हणजे मात्रा कमी, असं समजू नका.

लेबलच नसलेली, कागदाच्या पुडीतली "शुगरची पावडर" किंवा "सांधेदुखीची पावडर" असेल, तर पुढच्या पायऱ्या तिला लागूच होत नाहीत. अशा पुड्यांत कधी चक्क शुगरची गोळी, कधी स्टेरॉइड, कधी वेदनाशामक दळून मिसळलेलं सापडतं. तीन दिवसांत गुडघा पळायला लागला तर आनंदाआधी शंका येऊ द्या. आत काय आहे हे कळत नसताना ती कशाशी जुळेल हे कुणीच सांगू शकत नाही. पण महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम थांबवू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण आत स्टेरॉइड असेल तर ते अचानक तोडणंही धोक्याचं असतं.

दुसरी पायरी: वेळेचं अंतर कुठे चालतं, कुठे चालत नाही

गोळी आणि चूर्ण यांच्यात दोन तास सोडले की झालं, असा समज फार खोलवर बसला आहे. काही ठिकाणी तो बरोबर आहे, काही ठिकाणी धोकादायक आहे.

अंतर चालतं ते पोटात एकमेकांना चिकटणाऱ्या गोष्टींसाठी. थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने करायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. कॅल्शियम आणि लोह मात्र त्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर लागतं. शंखभस्म म्हणजे कॅल्शियमच आणि लोहभस्म म्हणजे लोहच, त्यामुळे त्यांनाही तोच नियम. इसबगोल रात्री घ्या, म्हणजे प्रश्नच मिटतो.

अश्वगंधा आणि थायरॉइड, हळदीची कॅप्सूल आणि वॉरफरिन, कारल्याचा रस आणि ग्लिमेपिराइड या जोड्या मात्र पोटात भांडत नाहीत. त्यांचा परिणाम रक्तात, यकृतात, ग्रंथीत होतो आणि तिथे दोन्ही चोवीस तास असतातच. गोळी सकाळी आणि चूर्ण रात्री घेतलं तरी फरक पडत नाही. मावशींच्या मुलाने अगदी नेमाने बारा तासांचं अंतर ठेवलं होतं.

तिसरी पायरी: प्रत्येक गोळीचं घड्याळ वेगळं

नवीन माणूस चुकतो तो इथेच. कॅप्सूल सुरू केली, आठ दिवस काही झालं नाही, म्हणजे ती सोसली असं तो धरून चालतो. पण तिन्ही आकडे वेगवेगळ्या वेगाने हलतात.

शुगर सगळ्यात आधी हलते, काही तासांत किंवा काही दिवसांत. नुसतं मेटफॉर्मिन चालू असेल तर शुगर धोकादायक खाली जाणं क्वचितच होतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र कारलं, मेथीदाणा, गुडमार, जांभूळबी, अश्वगंधा, हळदीचा अर्क यांची थोडी थोडी भर पडून आकडा ७० च्या खाली जाऊ शकतो. म्हणून सुरू केल्यापासून पहिले दोन आठवडे ग्लुकोमीटरवर सकाळी उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणाआधी असं दोनदा बघा. दुपारचं जेवण लांबतं तोच काळ खरा धोक्याचा.

आयएनआर दोन-चार दिवसांपासून तीन-चार आठवड्यांपर्यंत हळूहळू सरकतो. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये एक नोंद जाहीर केली होती. वॉरफरिनवर आयएनआर स्थिर असलेल्या एका रुग्णाने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत तो १० च्या वर गेला. तेवढा आकडा म्हणजे आतल्या आत कुठेही रक्तस्राव होऊ शकतो. नेहमीची महिन्याची तपासणी पुढच्या महिन्यात असेल तर मधला काळ अंधारातच जातो. म्हणून कॅप्सूल सुरू करण्याआधी एक आयएनआर, मग साधारण एका आठवड्याने, आणि नंतर दोन-तीन आठवड्यांनी.

थायरॉइडचं घड्याळ सगळ्यात संथ. टीएसएच हा थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, थायरॉइड वाढलं की तो उतरतो. तो बसायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्याआधी केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते. अश्वगंधाबद्दल २०१८ चा एक लहान अभ्यास आहे. थायरॉइड किंचित कमी असलेल्या ५० जणांपैकी काहींना आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम अर्क दिला, तेव्हा त्यांची थायरॉइडची संप्रेरकं वाढली आणि टीएसएच उतरला. काही लोक हा अभ्यास "गोळीऐवजी अश्वगंधा" असं सांगायला वापरतात. मी तो उलट बाजूने वाचतो: गोळीचा डोस आधीच बरोबर बसवलेला असताना त्यावर अश्वगंधाची भर पडली, तर थायरॉइड गरजेपेक्षा जास्त होऊ शकतं.

आणि हे तीन आकडे एकमेकांपासून सुटे नाहीत. थायरॉइड जास्त झालं की रक्त गोठवणारे घटक शरीरात लवकर संपतात आणि वॉरफरिनच्या त्याच डोसवर आयएनआर वर जातो. म्हणजे अश्वगंधाने वॉरफरिनला थेट हात न लावताही सहा आठवड्यांनी रक्त जास्त पातळ होऊ शकतं.

मावशींचं काय झालं

नवव्या दिवशी सकाळी साडेअकराला त्यांचे हात थरथरले, घाम फुटला. एप्रिल होता, पारा बेचाळीसवर, त्यामुळे घरच्यांना वाटलं ऊन लागलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही चूक फार सहज होते. नशिबाने सुनेने ग्लुकोमीटर लावला: ६२. साखरपाणी दिल्यावर बरं वाटलं. गंमत अशी की त्याच आठवड्यात उपाशीपोटीची शुगर १४० वरून ११२ वर आली होती आणि मुलगा म्हणत होता, "बघा, हळदीने गुण आला." नाश्ता कमी झाला होता हेही खरं, पण तसा तो पूर्वीही कधीकधी कमी व्हायचा.

अठराव्या दिवशी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं आणि बांगड्या घासतात तिथे मनगटावर निळे डाग दिसले. मार लागल्याचं आठवत नव्हतं. आयएनआर निघाला ५.४. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी गाळायला सांगितली आणि कॅप्सूल बंद केली. चार दिवसांनी ३.३, आणखी आठवड्याने २.७. अश्वगंधाबद्दल कुणी बोललंच नाही. विचारलं तर मावशी म्हणाल्या, "ते औषध थोडंच आहे, दुधात घालून घेते."

सातव्या आठवड्यात पुन्हा थरथर आणि धडधड. या वेळी सवयीने साखरपाणी दिलं, पण फरक पडला नाही. मशीनवर १२४. बसल्या जागी नाडी १०८. टीएसएच २.४ वरून ०.२ वर आला होता आणि आयएनआर पुन्हा ३.९. चूर्ण थांबवलं, थायरॉइडची गोळी तीच ठेवली, आयएनआर दर आठवड्याला बघितला. सहा आठवड्यांनी टीएसएच १.९.

यातली नवव्या दिवसाची शुगर हळदीने उतरली की अश्वगंधाने, हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, कारण दोन्ही एकाच सोमवारी सुरू झालं होतं. म्हणून नियम असा की एका वेळी एकच नवीन गोष्ट. ती जिच्याशी अडते त्या गोळीचं घड्याळ पूर्ण फिरेपर्यंत दुसरी सुरू करायची नाही.

लक्षणं ओळखताना

थरथर, घाम, धडधड ही शुगर उतरल्याचीही लक्षणं आहेत आणि थायरॉइड वाढल्याचीही. अंदाज बांधू नका, बोटाला सुई टोचा. ७० च्या खाली असेल तर तीन सपाट चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, तरी कमीच असेल तर पुन्हा द्या. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर पोटात लवकर फुटत नाही, तिथे ग्लुकोज पावडरच हवी, म्हणून ती घरात असू द्या. आकडा वर आला की भाकरी-भाजी खाऊ घाला. ग्लिमेपिराइडचा अंमल लांब असतो, तासाभराने शुगर पुन्हा घसरू शकते. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. शुगर ठीक असूनही नाडी शंभरच्या वर, वजन उतरतंय, उकाडा सोसवत नाही असं असेल तर थायरॉइड तपासा.

रक्त पातळ झाल्याच्या खुणा: हिरड्या, नाक, विनाकारण निळे डाग, लाल किंवा कोकमाच्या रंगाची लघवी. शौचाला डांबरासारखं काळं होणं किंवा अचानक जोराचं डोकं दुखणं ही आपत्कालीन लक्षणं आहेत, मग रिपोर्टची वाट बघत बसू नका. डोक्याला मार लागला तर काही वाटत नसलं तरी दाखवा.

एक अडचण इथे सांगायलाच हवी. हळदीचा अर्क रक्तातल्या बिंबिकांची, म्हणजे प्लेटलेट्सची चिकटण्याची ताकदही कमी करू शकतो, आणि आयएनआरमध्ये ते दिसतच नाही. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना, तसंच अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान या रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांवर असणाऱ्यांना धोका दाखवेल असा आयएनआरसारखा नेहमीचा आकडाच नाही. पहिली खूण थेट रक्तस्रावच असू शकते. माझं मत विचाराल तर धातूची झडप असलेल्यांनी आणि या गोळ्यांवर असलेल्यांनी हळदीच्या अर्काची कॅप्सूल घेऊच नये. गुडघ्याचं दुखणं खरं असतं, पण त्यासाठी पत्करावा असा हा धोका नाही.

कॅप्सूल सोडून लोक डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घ्यायला लागतात, ते तर त्याहून वाईट. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरं, पण तेही रोज दोन ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, आठवडाभर घेतलं तर आयएनआर वर नेतं. तेवढं घ्यायचंच असेल तर मधे एकदा तपासणी करा.

थांबवणं हासुद्धा बदलच

कॅप्सूल चालू असताना आयएनआर वर गेला आणि डॉक्टरांना कॅप्सूल माहीतच नव्हती, तर ते वॉरफरिनचा डोस कमी करतात. तेही बरोबरच करतात. पुढे डबा संपतो, नवीन आणला जात नाही, आयएनआर खाली येतो आणि आता गोळी कमी पडते. धातूच्या झडपेवर गाठ धरण्याची वेळ येते ती अशी. म्हणून अर्क थांबवल्यावरही आठवड्याभरात आयएनआर. हिवाळ्यात कच्ची मेथी आणि शेंगदाण्याचं कूट भाकरीबरोबर रोज खाणाऱ्यांचा आकडा असाच खाली येतो, कारण पालेभाजीतलं व्हिटॅमिन के वॉरफरिनच्या उलट काम करतं. मेथी सोडायची नाही, फक्त आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवायचं. दात काढायचा असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर अर्क दोन आठवडे आधी बंद करायचा असतो, तोही डॉक्टरांना सांगून. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीच बंद करायची नाही.

डॉक्टरांसमोर काय म्हणायचं

"काही घरगुती घेते" एवढ्याने काम होत नाही. डबाच घेऊन जा, नाहीतर मोबाइलवर डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो दाखवा. सांगायचं ते असं: "डॉक्टर, रात्रीचं वॉरफरिन चालू आहे. पाच तारखेपासून हा हळदीचा अर्क दिवसाला दोन घ्यायचा विचार आहे, गुडघ्यासाठी. घेऊ का? घेतला तर आयएनआर कधी करू?" वैद्यांकडे गेलात तर तिथेही ॲलोपॅथीची चिठ्ठी दाखवा. चांगला वैद्य ती मागूनच घेतो. डॉक्टर रागावतील म्हणून बरेच जण सांगत नाहीत. न सांगितल्यामुळे चुकीचा डोस ठरतो, त्यापेक्षा दोन शब्द ऐकून घेतलेले परवडतात.

मावशींनी आता एक साधी शंभर पानी वही केली आहे. डाव्या पानावर तारीख आणि आकडे, उजव्या पानावर त्या दिवशी नवीन काय सुरू झालं किंवा थांबलं. उपवासाचे दिवस, तापाच्या गोळ्या, मेथीची जुडी, सगळं उजव्या पानावर येतं. परवा त्या आयएनआरचा रिपोर्ट घेऊन आल्या तेव्हा डावीकडे २.९ होतं आणि उजवीकडे लिहिलं होतं: "आक्कांनी गुळवेलीच्या गोळ्या दिल्या. घेतल्या नाहीत. आधी विचारायचं आहे."